मेथीच्या पाण्याने आईची शुगर उतरली, त्यावर माझं उत्तर

"सर, लेख एकतर्फी वाटला. आईची उपाशीपोटीची शुगर मेथीच्या पाण्याने महिन्यात 182 वरून 134 वर आली, हा प्रत्यक्ष पुरावा आहे. मेडिकलवाल्यांना घरगुती उपाय खुपतातच!"

ताई, मेडिकल दुकान आहे माझं, सोलापुरात हा टोमणा रोजचा आहे, त्यामुळे राग नाही. पण मेथी, दालचिनी, व्हिनेगर आणि कारलं या शुगरवरच्या चार घरगुती उपायांवर मी तो लेख लिहिला, त्यात सगळ्यात जास्त मार्क मेथीलाच दिलेत की ओ.

मेथी भिजवली की जो बुळबुळीतपणा येतो ना, तोच कामाचा. तो विरघळणारा फायबर आहे, पोटात चिकट होतो आणि भाकरीतली साखर रक्तात सावकाश जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जे प्रयोग केले त्यात दिवसाला 25 ते 100 ग्रॅम मेथीची पूड जेवणातून दिली होती. आपला चहाचा चमचा म्हणजे चारेक ग्रॅम, त्यातही पाणी गाळून प्यायचं आणि दाणे कुंडीत टाकायचे, मग फायबर झाडाला मिळाला, आईला नाही. दाणे चावून खातात का त्या?

आता आकडा. संक्रांतीत आमच्या गड्ड्याच्या जत्रेतून परतताना एक काका दुकानात शुगर बघायला आले, 243 निघाली, चेहराच उतरला त्यांचा. बघतो तर बोटाला तिळगूळ. साबणाने हात धुवायला लावले, पुसून दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं तर 161. आणि हात स्वच्छ असले तरी चांगलं मशीनसुद्धा 15 टक्के इकडंतिकडं दाखवू शकतं, म्हणजे तुमची 182 खरं तर 160 च्या आसपासही असू शकते. त्यात त्या महिन्यात गोळी बदलली का, रात्रीचा भात बंद केला का, हे तुम्ही लिहिलंच नाही. म्हणून एचबीएवनसी ही रक्ततपासणी बघायची, ती शुगरची दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

दालचिनीचं थोडक्यात, 2012 मध्ये दहा प्रयोग एकत्र तपासले तेव्हा एचबीएवनसीत ठोस फरक दिसला नाही, आणि बाजारातली जाड साल रोज खाल्ली तर त्यातलं कुमारिन लिव्हरला त्रास देऊ शकतं. व्हिनेगर पिठाळ जेवणासोबत घेतलं तर जेवणानंतरची उसळी थोडी कमी होते, पण त्याला महागडी सफरचंदाची बाटलीच कशाला, आणि पाणी न घालता प्यायलं तर दात झिजतात. कारल्याचा पुरावा अजून तोकडा आहे, तरी शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी चालू असताना वर रस पिऊन जेवण टाळलं तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

आईंची गोळी बंद करू नका. आत्ता एकदा एचबीएवनसी करा, मेथी पूड करून भाकरीच्या पिठात घाला, डॉक्टरांच्या कानावर घाला, आणि तीन महिन्यांनी परत तपासा. दोन्ही रिपोर्ट इथंच टाका, त्यात फरक दिसला तर तुमचा आकडा मी लेखात वरच चिकटवतो.