गल्ल्यातले पाच हजार

"ख्रिश्चनांचं पाप पाद्र्याच्या कानात सांगितलं की संपतं, मुसलमानांचं हज करून आलं की धुतलं जातं. फक्त हिंदू धर्मातच माफी नाही, केलेलं भोगावंच लागतं!"

काकांनी सकाळी सव्वासातला घरच्या ग्रुपवर टाकलं. त्याआधी दहाच मिनिटं ते देवासमोर स्वतःभोवती फिरत 'पापोऽहं पापकर्माहं' म्हणत होते. त्याच श्लोकात पुढे 'त्राहि मां' येतं. ही माफीची याचना नाही तर काय आहे?

समजा, नोकराने मालकाच्या गल्ल्यातून पाच हजार उचलले. तो कॅथलिक असेल तर नुसतं कानात सांगून भागत नाही. पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि पैसे परत करायची तयारी हवी. नाव न सांगता परत केले तरी चालतात. पण "पैसे ठेवतो, माफी द्या" म्हणाला, तर फादर माफी नाकारतात. (प्रोटेस्टंटांत पाद्र्याकडे जाण्याची अटच नाही, पण एवढं वाचतो कोण!)

हजचं अर्धं खरं आहे. नीट हज केलेला माणूस आईच्या पोटातून जन्मल्या दिवसासारखा परततो, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहेच. पण उलेमा देवाचा हक्क आणि माणसाचा हक्क वेगळा धरतात. तौबासाठी पाप थांबवणं, खंत आणि निश्चय या तीन अटी, आणि दुसऱ्याचं काही घेतलं असेल तर चौथी, ते परत करणं किंवा त्याच्याकडून माफ करून घेणं. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात तर शहिदाचंही सगळं माफ, कर्ज सोडून, असं म्हटलंय. मग हाजीच्या खिशातले मालकाचे पाच हजार कसे सुटतील?

आता आपल्याकडे माफी नाही म्हणणाऱ्यांनी मनुस्मृतीचा अकरावा अध्याय उघडावा. निम्म्याहून जास्त प्रायश्चित्तांनीच भरलाय. पाप उघड सांगणं, पश्चात्ताप, तप, अध्ययन यांनी पापी सुटतो, असं तिथे सरळ लिहिलंय. म्हणजे 'कानात सांगणं' आपल्याकडेही आहे, फक्त कानात नव्हे, उघड. दुसऱ्याच्या घरातून किरकोळ वस्तू चोरली तर सांतपन कृच्छ्र नावाचं प्रायश्चित्त करायचं, पण कधी? 'तन्निर्यात्य', म्हणजे ती वस्तू परत देऊन. त्याच अध्यायात कुणाच्या हत्येला किती प्रायश्चित्त हे मेलेल्याच्या जातीवर ठरतं, तेही काकांनी वाचावं.

एवढं मान्य, की जाणूनबुजून केलेल्या पापाबाबत शास्त्रकारांत वाद होता. याज्ञवल्क्य म्हणतो, प्रायश्चित्ताने अजाणतेपणी केलेलं पाप जातं, मुद्दाम केलं असेल तर माणूस फक्त व्यवहाराला योग्य होतो. म्हणजे समाजात घेतील, पाप मात्र उरेल. 'भोगावंच लागतं' हे काकांचं म्हणणं एवढ्यापुरतं टिकतं.

हे मी ग्रुपवर टाकलं. काकांनी नमस्काराचा इमोजी पाठवला आणि पाच मिनिटांनी तोच फॉरवर्ड सोसायटीच्या ग्रुपवर दिसला.