रजिस्टर मृत्युपत्र आणि पुराव्याची जबाबदारी

"मृत्युपत्र रजिस्टर झालं की मोडत नाही. खोटं म्हणणाऱ्यानंच सगळं सिद्ध करायचं."

अर्धंच खरं. समजा, आजारी बापाला थोरल्यानं स्वतःच तालुक्याला निबंधकाकडे नेलं, साक्षीदार त्याचेच, अन् बापाचं स्वकष्टाचं सगळं वावर त्याच्याच नावे. पोरींचा उल्लेखही नाही. अशी शंका थोरल्यानंच दूर करायची, हे सुप्रीम कोर्टानं १९५८ मध्येच सांगितलंय. सही खरी होती, बाप शुद्धीत होता, हे त्यानंच दाखवायचं. हयात साक्षीदारांपैकी एक तरी कोर्टात तपासायचा. शिक्का एकटा पुरत नाही.

मात्र 'दबाव टाकून सही घेतली' असं बहीण म्हणत असेल, तर तो दबाव तिनं सिद्ध करायचा. त्या दिवसांतले दवाखान्याचे कागद आधी काढा. नुसतं पोरींना वगळलं म्हणून मृत्युपत्र पडत नाही.