पक्षाघाताच्या दाव्यातील तीन महिन्यांबाबत आमचे निवेदन

"यजमानांना लकवा झाला, पगार बंद झाला. पॉलिसी विकताना गोड बोलले आणि गरज पडली तेव्हा तीन महिने कागद दाबून ठेवले. फोन केला की 'थांबा' एवढेच. कोणीही यांच्याकडे जाऊ नये."

आदरणीय ताई,

कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला असताना आमच्याकडून तुम्हाला तुटक उत्तरे मिळाली, याबद्दल मनापासून दिलगीर आहे. मात्र आमचा व्यवसाय केवळ विश्वासावर चालतो, त्यामुळे कागदांविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

गंभीर आजार विम्यात पक्षाघाताचा झटका आला एवढ्यावर रक्कम मिळत नाही. विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवलेल्या व्याख्येनुसार, झटक्यामुळे मज्जासंस्थेत आलेला कायमचा दोष किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा द्यावा लागतो. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झटका आला, तर हा पुरावा मे महिन्यापूर्वी तयारच होऊ शकत नाही. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआय जोडून मार्चमध्येच दावा केला असता, तर तो अपुरा म्हणून परत आला असता. कंपनीला आजाराची सूचना आम्ही वेळेत दिली होती आणि तिची पोच तुमच्याकडेही आहे.

मे महिन्यात तुम्ही आणलेले प्रमाणपत्र फॅमिली डॉक्टरांचे होते आणि त्यात 'विश्रांतीची गरज आहे' एवढेच लिहिले होते. न्यूरॉलॉजिस्टने पुन्हा तपासून हातापायात किती ताकद उरली आहे, बोलणे किती अडखळते आणि हा दोष कायमचा आहे, असे स्पष्ट लिहून द्यावे लागते. 'फिजिओथेरपीने सुधारणा होत आहे' अशा एका मोघम ओळीवर दावा अडकतो. योग्य प्रमाणपत्र येईपर्यंत गेलेले दिवसही आमच्याच माथी मारावेत, याचे वाईट वाटते.

पगाराऐवजी दरमहा पैसे का मिळत नाहीत, असेही तुम्ही कार्यालयात विचारले होते. तुमच्या अपघात विम्यातील साप्ताहिक भरपाई अपघाताने काम थांबल्यासच मिळते, आजाराने थांबल्यास नाही. गंभीर आजार विम्याची रक्कम एकदाच मिळते आणि तीच पुरवून वापरावी लागते. घरखर्च व कर्जाचे हप्ते मिळून महिन्याला ४०,००० रुपये धरले, तर १० लाख रुपये २५ महिने पुरतात, आणि उपचारांचा खर्च त्यातूनच झाला तर त्याहून लवकर संपतात. म्हणूनच मी २० लाखांचे संरक्षण सुचवले होते. प्रीमियम जड वाटल्याने तुम्ही निम्मे घेतलेत. तो सर्वस्वी तुमचा अधिकार होता, पण गोड बोलून विकणारा माणूस हे हिशेब मांडत बसत नाही.

दावा आता कंपनीकडे दाखल आहे. तो नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास विमा लोकपालांकडे जाता येते, तेथे शुल्क लागत नाही. दोन्ही अर्ज मी स्वतः लिहून देईन. फोनबाबतही कार्यालयात योग्य त्या सुधारणा करत आहोत.