पगाराच्या फाईलचे दुसरे पान

सोलापुरात कारखान्यांना आणि दुकानांना हिशेबाची सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. आमच्याकडे प्रत्येक काम तिकीट म्हणून येते. वर शीर्षक, त्याखाली काम पूर्ण झाले असे केव्हा मानायचे याचे निकष, म्हणजे ज्यांना आम्ही क्रायटेरिया म्हणतो ते, आणि शेवटी अटॅचमेंट. हे सगळे संपूर्ण वाचल्याशिवाय कामाला हात लावू नये आणि किती दिवस लागतील हेही सांगू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. ते ज्या एका कामामुळे झाले, त्याबद्दल सविस्तर लिहिते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही हजेरी आणि पगाराची प्रणाली केली होती. त्यात एक भर घालायची होती: महिन्याचा पगार तयार झाला की बँकेच्या पोर्टलवर चढवता येईल अशी फाईल एका बटणावर मिळावी. निकष पाच होते. महिना निवडल्यावर फाईल डाउनलोड व्हावी, हा पहिला. तीत नाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि निव्वळ पगार असावा, हा दुसरा. उचल कापून ज्यांच्या हातात काहीच उरत नाही त्यांची नावे फाईलमध्ये न येता वेगळ्या यादीत यावीत, हा तिसरा. कारखान्याचे हिशेबनीस ती फाईल एक्सेलमध्ये उघडून, तपासून, सेव्ह करून बँकेकडे पाठवतील आणि बँकेने ती स्वीकारली पाहिजे, हा चौथा. पाचवा इतकाच होता की फाईल जोडलेल्या नमुन्याप्रमाणे असावी.

मी पहिले दोन निकष नीट वाचले आणि उरलेल्यांवरून नजर फिरवली. नमुन्याची एक्सेल फाईल उघडून पहिल्या पानावरचे चार रकाने पाहिले. काम ओळखीचे वाटले, म्हणून दोन दिवस पुरतील असे सांगितले आणि खरोखरच दोन दिवसांत `.csv` फाईल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल, देणारे बटण तयार केले. नंतर तिसरा निकषही त्यात बसवला. माझ्या संगणकावर सगळे बरोबर दिसत होते, कारण मी ती फाईल कोड लिहिण्याच्या एडिटरमध्येच उघडून पाहत होते.

कारखान्याच्या कार्यालयात हिशेबनीस काकांनी तीच फाईल डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हे आली. ही दुरुस्ती सोपी होती. मजकूर यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात आहे हे सांगणारी खूण फाईलच्या सुरुवातीला नसली की एक्सेल पुष्कळदा देवनागरी चुकीची वाचते, आणि ती खूण घालणे दहा मिनिटांचे काम होते. पण खाते क्रमांकांचे काय झाले ते पाहून मी गप्प झाले. एक्सेलला `.csv` मध्ये अंक दिसले की ते त्यांना संख्या समजते. संख्येच्या सुरुवातीच्या शून्यांना अर्थ नसतो, म्हणून ती शून्ये गळतात. शिवाय एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते आणि पुढच्या जागी शून्य भरते. म्हणजे `1234567890123456` हा सोळा अंकी क्रमांक `1234567890123450` होतो, आणि पडद्यावर तर तो `1.23457E+15` असा दिसतो. नुसते पाहून फाईल बंद केली तर मूळ फाईल शाबूत राहते, पण सेव्ह केली की बदललेला क्रमांकच कायम होतो. आपल्याकडे खाते क्रमांकांची लांबी बँकेगणिक वेगळी असते, त्यामुळे काही कामगारांचे क्रमांक सुखरूप होते आणि काहींचे मोडले होते. सगळेच मोडले असते तर चूक लगेच कळली असती. थोडे मोडलेले जास्त घातक असतात.

आता चौथा निकष पुन्हा वाचा: ‘उघडून, तपासून, सेव्ह करून’. या शब्दांनी फाईलचा प्रकारच ठरवला होता. मध्ये एक्सेल येणार आणि ते सेव्हही करणार, म्हणजे `.csv` चालणार नाही. खाते क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून नोंदवलेली `.xlsx` फाईलच हवी. नमुन्याची फाईल `.xlsx` होती आणि तिच्यातल्या खाते क्रमांकाच्या प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एक लहान हिरवा त्रिकोण होता. संख्या मजकूर म्हणून ठेवली असल्याची ती एक्सेलची खूण आहे. मी तो त्रिकोण पाहिला होता, पण ती अट आहे हे माझ्या लक्षात आले नाही.

एवढ्यावर भागले असते तर एखाद्या दिवसाच्या दुरुस्तीत विषय संपला असता. पण काकांनी शांतपणे विचारले, “मॅडम, नमुन्यातलं दुसरं पान बघितलं होतं ना?” मी ते पाहिलेच नव्हते. दुसऱ्या पानावर बँकेच्या सूचना होत्या, आणि त्यातली एक अशी होती की खातेदाराचे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत, पासबुकावर आहे तसेच लिहावे.

आमच्या प्रणालीत इंग्रजी नावच नव्हते. हजेरीपटावर नावे मराठीत होती, म्हणून आम्ही ती मराठीतच साठवली होती. मराठी नावाचे इंग्रजी करणारा कोड लिहावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. ते का जमणार नाही हे सोलापूरकरांना सांगायला नको. कारखान्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड घरांतली माणसे शेजारी शेजारी काम करतात. लक्ष्मी हे नाव एकीच्या पासबुकावर `LAXMI` असते, तर दुसरीच्या `LAKSHMI`. व्यंकटेश कुठे `VYANKATESH` असतो, तर कुठे `VENKATESH`. कोणाच्या नावाआधी घराण्याचे आद्याक्षर असते, कोणाच्या नावामागे वडिलांचे पूर्ण नाव. यांतले कोणते बरोबर हे नियमाने ठरवता येत नाही. ते पासबुकातच पाहावे लागते.

म्हणजे उणीव माझ्या बटणात नव्हती, ती प्रणालीत साठवलेल्या माहितीतच होती. कामगारांच्या नोंदीत एक नवा रकाना घालावा लागला, तो भरण्यासाठी नवा पडदा करावा लागला, आणि पर्यवेक्षकांना प्रत्येक पाळीत माणसामागे पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो गोळा करावा लागला. त्यात नऊ दिवस गेले. पगार ७ तारखेच्या आत व्हायचा असतो, तो कोणासाठी थांबत नाही. म्हणून त्या महिन्यात काकांनी रात्री उशिरापर्यंत बसून सगळी फाईल हाताने टाइप केली. याची मला आजही मनापासून खंत वाटते. दुसरे पान मी पहिल्या दिवशी उघडले असते, तर पासबुके गोळा होण्याचे काम आणि माझे काम एकाच वेळी चालले असते.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. अटॅचमेंटमध्ये फक्त शेवटच्या फाईलचे रूप दिलेले असते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या रूपासाठी लागणारी माहिती आपल्याजवळ आहे का, हा प्रश्न तिथेच लपलेला असतो. रूप बदलणे तासाभराचे काम असते, पण जवळ नसलेली माहिती दुसऱ्या माणसांकडून यावी लागते आणि त्यांचा वेळ आपल्या हातात नसतो. म्हणून नमुन्यातला प्रत्येक रकाना घेऊन ‘हे आपल्याकडे कुठे साठवले आहे?’ असे विचारावे आणि ज्याचे उत्तर मिळत नाही, त्याबद्दल त्याच दिवशी कळवावे.

तेव्हापासून मी निकष शेवटच्यापासून वर वाचत येते. लिहिणारा सरळ गोष्टी आधी लिहितो; अपवाद आणि बाहेरच्यांच्या अटी त्याला शेवटी आठवतात आणि नेमक्या तिथे वाचणाऱ्याची नजर घसरते. एक्सेलची फाईल आली की खालच्या सगळ्या पानांच्या पट्ट्या पाहते, एखाद्या पट्टीवर उजवे क्लिक करून लपवलेले पान आहे का हे तपासते, आणि वरच्या अक्षरांत सी नंतर थेट ई आले तर मधला रकाना कोणीतरी लपवला आहे हे ओळखते. `.csv` असेल तर ती आधी नोटपॅडमध्ये उघडते, कारण फाईलमध्ये खरोखर काय आहे ते तिथे दिसते. पीडीएफची परिशिष्टे मुख्य मजकुराच्या आधी वाचते. तिकिटाखालच्या चर्चेत नंतर नवी फाईल जोडली गेली असेल, तर कोणती ग्राह्य धरायची हे विचारून घेते.

त्यानंतर प्रत्येक निकषासमोर तो कसा तपासायचा हे एका वाक्यात लिहिते. चौथ्या निकषासाठी आज मी असे लिहिले असते: शून्याने सुरू होणारा एक आणि सोळा अंकी एक असे दोन खाते क्रमांक घालून फाईल एक्सेलमध्ये सेव्ह करावी, बंद करून पुन्हा उघडावी, दोन्ही क्रमांक जसेच्या तसे असावेत. हे वाक्य लिहिताच `.csv` बाद झाली असती. ज्या निकषासमोर असे वाक्य सुचत नाही, तो मला समजलेला नसतो. फाईलचे काम असेल तर कोडची एक ओळही लिहिण्याआधी पाच माणसांची फाईल हाताने तयार करून ती वापरणाऱ्याकडे तपासायला देते. त्याला अर्धा तास लागतो.

यावर आमच्या क्षेत्रात एक आक्षेप हमखास येतो: सगळे वाचत बसले तर काम कधी करायचे? माझ्या त्या तिकिटाचे वाचन, अटॅचमेंटची दोन्ही पाने धरून, पाऊण तासाचे होते. खरी अडचण वेगळीच आहे. सकाळच्या बैठकीत शीर्षक वाचून दाखवले जाते आणि लगेच ‘किती दिवस?’ असे विचारले जाते. एकदा दोन दिवस असा आकडा तोंडातून गेला की नंतर केलेले वाचन त्या आकड्याच्या विरुद्ध जाऊ लागते, आणि माणूस नकळत कमी वाचतो. म्हणून अंदाज मागणाऱ्यांनी वाचनाला वेळ द्यावा आणि तो कामाच्या वेळेतच धरावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. तिकीट लिहिणाऱ्यांनीही ‘नमुन्याप्रमाणे’ एवढ्यावर थांबू नये. ‘दुसऱ्या पानावरच्या बँकेच्या सूचना पाहाव्यात’ हे एक वाक्य तिथे असते तर मी ते पान नक्की उघडले असते. पण ते वाक्य नव्हते म्हणून माझी जबाबदारी कमी होते, असे मी मानत नाही.

वाचनाने सगळेच सापडते असेही नाही. बँकेने पुढे आपला साचा बदलला, तर आजच्या अटॅचमेंटमध्ये ते कुठून दिसणार? जे कुठेच लिहिलेले नाही ते काकांसारख्या माणसाशेजारी बसूनच कळते. पण त्यांच्या शेजारी बसल्यावर जे आधीच लिहून दिलेले आहे तेच त्यांना पुन्हा विचारायचे, हे मला आता योग्य वाटत नाही.

सध्या त्याच कारखान्याच्या बोनसच्या फाईलचे तिकीट माझ्याकडे आहे. निकषांत चार रकाने सांगितले आहेत आणि नमुन्यात पाच आहेत. पाचवा रकाना पैसे कोणत्या मार्गाने पाठवायचे याचा आहे आणि तो आमच्या प्रणालीत कुठेही साठवलेला नाही. आज सकाळी मी तिकिटावर तसा प्रश्न लिहिला, काकांना फोनही केला. ते बँकेत विचारून उद्या सांगणार आहेत, आणि तोपर्यंत किती दिवस लागतील हे मी बैठकीत सांगितलेले नाही.