मऊ म्हणजे कशासारखा?

टॉवेल परत आला. कारणाच्या रकान्यात ‘वर्णनाप्रमाणे नाही’. वर्णन माझं होतं: ‘मऊ, जाड, आरामदायी’. हेच तीन शब्द उशीला चालले असते, चपलेलाही चालले असते. ते मला सुनावायला एका काकांचा फोन आला.

“मऊ म्हणजे कशासारखा?”

“कापसासारखा.”

“अहो, तो कापसाचाच आहे. कापसाची सुतळीही असते, तिनं अंग पुसू का?”

मी गप्प. माणूस चिडका, पण मुद्दा बरोबर, आणि असली माणसं फार त्रास देतात.

“बरं, जाड म्हणजे किती?”

“500 जीएसएम.”

“हे कोण?”

एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, मी सांगितलं. टॉवेल 70 बाय 140 सेंटीमीटर, म्हणजे 0.98 चौरस मीटर. वजन भरतं 490 ग्रॅम.

“म्हणजे अर्धा लिटर पाण्याएवढा. मग तसं लिहायला काय झालं होतं? पाणी उचललंय मी आयुष्यात. जीएसएम नाही उचललेलं.”

मऊपणाचं मात्र मला माहीत असूनही लिहिलं नव्हतं, ते जास्त टोचलं. टॉवेलवर दोऱ्याचे बारीक फासे उभे असतात. दोऱ्याला पीळ कमी आणि फासे लांब, तर स्पर्श लुसलुशीत, पण नखात, अंगठीत अडकतो. पीळ घट्ट, फासे आखूड, तर खरखरीत, पण टिकाऊ. शिवाय कारखान्यात नव्या कापडाला मऊपणासाठी रसायन लावतात. त्यामुळे कोरा टॉवेल हाताला गुळगुळीत लागतो आणि पाणी टिपायच्या ऐवजी अंगावरून पुढे ढकलतो. दोन-तीनदा धुतला की टिपू लागतो. हे ‘आरामदायी’त कुठे बसणार होतं? आमच्या मालकांना तर ‘राजेशाही’ हवा होता. राजेशाही टॉवेल राजेशाही नाही, हे कुणी सिद्ध करून परत पाठवू शकत नाही, एवढाच त्या शब्दाचा फायदा.

“वास?”

“ताजा.”

“ताजा हा वास असतो?”

नव्या कापडाचा कोरा वास, मी म्हणालो, पहिल्या धुण्यात जातो. जाड म्हणून सुकायला वेळ. घडीत ओल राहिली तर कुबट होतो.

“आणि आवाज?” टॉवेलचा आवाज! पण असतो. वारा नसलेल्या जागी दोरीवर वाळला तर तो पुठ्ठ्यासारखा ताठ होतो. वाळत घालण्याआधी दोन्ही कोपरे धरून फट्‌कन झटकला की फासे उभे राहतात आणि ताठपणा कमी होतो.

“हे सगळं आधी लिहिलं असतं तर मी घेतलाच नसता,” काका म्हणाले. “मला पातळ लागतो. जाड टॉवेल कानात जात नाही.”

वर्णन बदललं. वजन, फासे, धुणी, वास, झटकणं. शेवटी कानांचंही टाकलं, नाइलाजानं.