एसटीपीवरच्या टॅक्सबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

मोठी रक्कम लिक्विड फंडात ठेवून तिथून दरमहा ठरावीक पैसे इक्विटी फंडात हलवायचे, म्हणजे एसटीपी. तिच्यावरच्या माझ्या लेखावर आलेली ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: "लेख वाचून हसू आलं. एसटीपीत दर महिन्याला लिक्विड फंडातून विक्री होते आणि त्यावर टॅक्स बसतो, हे एका ओळीतही नाही. शिवाय बाजार बहुतेक काळ वरच जातो, म्हणजे एकरकमी टाकलेलेच पैसे बहुधा जास्त होतात. अभ्यास करून लिहीत जा."

हसू आलं हे ठीक, पण दहा वर्षं स्वतःच्या पैशाने ठेचा खाऊन लिहिणाऱ्या माणसाला अभ्यासाचा सल्ला देताना जरा सूर तरी सांभाळायचा होता. असो. टॅक्सची ओळ राहिली हे खरं, चूक माझीच, आज लेखात घातली.

पण तुमची ओळ वाचून कुणालाही वाटेल की दरमहाच्या लाखावर टॅक्स लागतो. तसं नाही हो. समजा १२ लाख लिक्विडमध्ये ठेवले, साडेसहा टक्के परतावा धरला आणि महिनाभराने एक लाख इक्विटीत गेले, तर त्या लाखात नफा फक्त साडेपाचशे रुपयांच्या आसपास असतो, बाकी सगळं तुमचंच मुद्दल, आणि टॅक्स त्या साडेपाचशेवर, स्लॅबप्रमाणे. बाराव्या हप्त्याच्या लाखात मात्र नफा सहा हजारांपर्यंत गेलेला असतो. सगळे हप्ते धरून वर्षाची वाढ साधारण ४२ हजार, म्हणजे तीस टक्केवाल्याला सेससकट तेरा हजार टॅक्स. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड युनिट्सना कितीही दिवस ठेवा, स्लॅबच लागतो, त्यामुळे एसटीपी लांबवून इथे काही वाचत नाही. आणि पैसे सेव्हिंग खात्यात पडून राहिले असते तर व्याजावरही स्लॅबनेच टॅक्स होता (जुन्या टॅक्स पद्धतीतली दहा हजारांची सूट सोडली तर), हे तुम्ही सोयीने विसरलात.

खरी गोची दुसऱ्या टोकाला आहे, ती तुम्हालाही दिसली नाही. प्रत्येक हप्ता ही नवी खरेदी, त्यामुळे एक्झिट लोडचं, म्हणजे लवकर काढल्यास कापल्या जाणाऱ्या शुल्काचं, आणि लाँग टर्मचं वर्षही प्रत्येकाचं वेगळं मोजतात. पहिल्या हप्त्यापासून वर्ष झालं म्हणून सगळं काढायला जाल तर शेवटच्या हप्त्यांवर लोडही बसेल आणि शॉर्ट टर्म टॅक्सही.

एकरकमीचं म्हणाल, तर बाबा डिसेंबर २०१९ ला रिटायर झाले आणि जानेवारीपासून बारा हप्ते लावले. मार्चमध्ये निफ्टी १२ हजारांवरून ७,६०० वर आला तेव्हा बाबा शांत होते कारण तीनच हप्ते आत गेले होते, एकरकमी टाकले असते तर घरात कुणाला झोप लागली नसती. मार्चअखेर सुरुवात केली असती तर एकरकमीच जिंकलं असतं, हे कळायला मलाही अभ्यास लागत नाही.

आणि हो, बारावा हप्ता गेल्यावर लिक्विडमध्ये वाढीचे चाळीसेक हजार उरतात. एसटीपी थांबते पण ते तिथेच पडून राहतात, बाबांचे दीड वर्ष राहिले होते. तुमच्या अभ्यासात हे असेलच.