दुसऱ्या पाटलांचा तांबडा-पांढरा

ज्याचा ईमेल पत्ता दोन आद्याक्षरं आणि पुढं ‘पाटील’ एवढ्यावर संपतो, त्याला एकटेपणा म्हणून कधी वाटत नाही. जीमेल नवीन होतं तेव्हाच मी हा पत्ता पटकावला आणि तेव्हापासून समस्त पाटीलवर्ग माझ्याकडं पत्रव्यवहार करतो. कागलच्या कुणा पाटलांच्या ट्रॅक्टरचं सर्व्हिसिंग कधी आहे, मला ठाऊक असतं. पुण्यातल्या एका पाटलांचे चिरंजीव शाळेत कुणाला चावले, तेही. असले मेल सोडून दिले तरी कुणाचं अडत नाही. मागच्या महिन्यात आलेला मात्र तसा नव्हता.

“पाटील साहेब, रिसेप्शनचं कोटेशन सोबत जोडलं आहे. ६०० ताटं. मटण सुकं, तांबडा, पांढरा, शाकाहारी वेगळं. शुक्रवारपर्यंत इसार न मिळाल्यास तारीख दुसऱ्या पार्टीला द्यावी लागेल.” खाली कोल्हापुरातल्याच एका केटररचं नाव, मोबाईल नंबर आणि एक पीडीएफ.

आमच्या घरात लग्नाचं कुणी नाही. थोरली सासरी आहे आणि धाकट्याला विचारलं तर तो खोलीचं दार लावून घेतो. म्हणजे हे जेवण दुसऱ्या पाटलांचं. पण ते पाटील बिचारे कोटेशनची वाट बघत बसलेले, केटरर इसाराची, आणि दोघांच्या मधोमध मी. गप्प बसलो तर शुक्रवारनंतर ६०० माणसं उपाशी. कोल्हापुरात लग्नाचं बाकी काहीही माफ होतं, मटण नसल्याचं होत नाही.

“अहो, फसवाफसवी असेल. हात लावू नका,” सौ. म्हणाली. पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो, त्यामुळं मी तिला काही बोललो नाही. (एरवीही बोलत नाही.) खरोखर वाट चुकलेल्या मेलची एक खूण असते: त्यात दुसऱ्या माणसाचा बारीकसारीक तपशील भरपूर असतो आणि आपण अमुक लिंक दाबावी, तमुक ओटीपी द्यावा असा आग्रह नसतो. फसव्या मेलचं उलटं. त्यात ‘प्रिय ग्राहक’ असतो, घाई असते आणि तपशिलाच्या नावानं पूज्य. हल्ली आणखी एक तऱ्हा निघाली आहे. आपण कधी न घेतलेल्या वस्तूचं बिल येतं आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ही खरेदी तुमची नसल्यास या नंबरवर फोन करा.’ आपल्याला वाटतं, दुसऱ्याचं बिल चुकून आलं, भल्यासाठी कळवून टाकू. पण सापळा त्या फोनमध्येच असतो.

आमच्या केटररनं माझ्याकडून इसार मागितला होता हे खरं, पण पैसे कुठं भरायचे ते सांगितलंच नव्हतं. इतका भोळा भामटा मी तरी पाहिला नाही. तरीही मेलमधल्या नंबरवर भरवसा ठेवायचा नाही, हा नियम. संध्याकाळी खासबागेकडं गेलो तर तिथं त्याच केटररचा टेम्पो उभा होता आणि मागच्या फळीवर तोच नंबर रंगवलेला. एवढी खात्री मला पुरली.

आता उत्तर काय लिहायचं? हे मी चहाच्या गाड्यावर बापूसमोर बोललो आणि तिथून प्रकरण हाताबाहेर जायला लागलं.

“आधी पीडीएफ उघड की,” बापू म्हणाला. “ताटाला काय दर लावलाय बघू.”

“आपल्याला काय करायचंय दराचं?”

“आरं, जास्त लावला असंल तर त्या पाटलाला सांगाय नको? आपल्यातलाच हाय न्हवं?”

चुकून आलेल्या मेलची जोडणी उघडायची नाही. एक तर तिच्यात काय दडलंय सांगता येत नाही आणि दुसरं म्हणजे ती आपली नाही. ‘हा माझा मेल नाही’ एवढं कळण्यापुरतं वाचायचं आणि थांबायचं. बापूला हे पटलं नाही, पण त्यानं मोबाईल माझ्या हातातून घेऊन उत्तराचा मसुदा मात्र सांगायला घेतला. “नमस्कार. आपला मेल पावला. आम्ही ते पाटील नव्हे. तथापि सहाशे माणसाला पांढरा कमी पडंल, मागच्या टायमाला आमच्या साडूच्या पोराच्या लग्नात असंच झालं होतं…” पुढं साडूंचं गाव, आचाऱ्याचं नाव आणि खोबऱ्याच्या दुधाचं प्रमाण आलं. गाड्यावरच्या आणखी दोघांनी दुरुस्त्या सुचवल्या. कोल्हापुरी माणसाला मटणाचा मेल वाचून नुसतं ‘चुकून आला’ एवढंच लिहायला लावणं ही शिक्षाच आहे.

ते सगळं पुसून मी लिहिलं ते असं:

“नमस्कार. आपला रिसेप्शनच्या कोटेशनचा मेल चुकून माझ्या पत्त्यावर आला आहे. मी आपले ग्राहक पाटील नाही. त्यांना फोन करून योग्य ईमेल पत्ता विचारून घ्यावा आणि माझा पत्ता आपल्या यादीतून काढावा. जोडलेली फाईल मी उघडलेली नाही.”

बस्स. यात दर नाही, ताटांचा आकडा नाही, स्वतःचं पूर्ण नाव नाही, नंबर नाही. कुठला मेल ते त्याला ओळखता यावं एवढं, त्यानं पुढं काय करायचं ते, आणि त्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून शेवटचं वाक्य. उत्तर फक्त पाठवणाऱ्यालाच द्यायचं. मेलमध्ये वर आणखी पाच-सहा पत्ते असतील तर ‘रिप्लाय ऑल’कडं बोट न्यायचंच नाही, नाही तर नवरदेवाच्या मामांपासून सगळे विचारायला लागतात, हे कोण पाटील आणि यांना का बोलावलं नाही.

मेलच्या तळाशी इंग्रजीत बारीक टाईपात एक दरडावणी होती: हा मजकूर गोपनीय आहे, आपण अपेक्षित वाचक नसाल तर वाचू नये. सगळं वाचून झाल्यावर खाली ‘वाचू नये’. नुसतं असं लिहून कुणी परक्या माणसाला करारात बांधू शकत नाही. मी गप्प राहिलो तो सभ्यता म्हणून, त्या दरडावणीच्या धाकानं नव्हे. आणि मटणाच्या रश्शात गोपनीय ते काय असायचं, मसाला सोडून?

अर्ध्या तासात केटररचं उत्तर आलं.

“ओके पाटील साहेब. मग शाकाहारी किती धरू?”

आपल्याकडं मेल पाठवायचा असतो, वाचायचा नसतो. शिवाय माझा पत्ता आता त्याच्या मोबाईलनं पाठ करून ठेवला असणार. एकदा एखाद्या पत्त्यावर पाठवलं की पुढच्या वेळी ‘पा’ टाईप करताच तो आपोआप पुढं येतो, म्हणून एकच चूक महिनोन्‌महिने चालते. तेव्हा टेम्पोवरच्या नंबरला फोन लावला.

“हां, बोला पाटील साहेब.”

“मी पाटील बोलतोय, पण तुमचा पाटील नव्हे.”

“म्हंजे इसार देत न्हाईसा?”

त्याला समजावून सांगायला ग्लासभर पाणी लागलं. शेवटी त्याला उमगलं आणि तो हळहळला. त्याच्या पार्टीनं पत्ता फोनवर सांगितला होता आणि यानं तो रश्शाच्या आधणावर लक्ष ठेवत कोथिंबिरीच्या पिशवीवर टिपला होता. “त्यांनी मधी टिंब सांगिटलं हुतं, मी दिलं न्हाई. त्यानंच झालं बगा,” असं त्याचं निदान.

हे निदान चुकीचं होतं. बहुतेकांना हेच वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ज्या पत्त्याच्या शेवटी gmail.com आहे, त्याच्या नावातली टिंबं जीमेल मोजतच नाही. आद्याक्षरांमध्ये टिंब द्या, सगळ्या अक्षरांमध्ये द्या, नाही तर मुळीच देऊ नका, टपाल एकाच पेटीत पडतं आणि माझ्या पत्त्यात टिंब घालून दुसऱ्या कुणाला वेगळं खातं उघडताच येत नाही. कंपनीच्या किंवा कॉलेजच्या स्वतःच्या पत्त्यांना मात्र हा नियम नाही, तिथं टिंबानं फरक पडतो. म्हणजे त्या पाटलांच्या पत्त्यात टिंबापलीकडचं काहीतरी हवं: एखादा आकडा, जादा अक्षर, नाही तर जीमेलऐवजी दुसरीच कंपनी. मी केटररला म्हटलं, “त्यांना नुसतं टिंब विचारू नका. त्यांनाच तुम्हाला एक मेल पाठवायला सांगा आणि त्यालाच उत्तर द्या. म्हणजे ऐकायचं नको आणि लिहायचंही नको.”

दहा मिनिटांत त्याचा परत फोन. पाटलांच्या पत्त्याच्या शेवटी सात होता, आणि तो कोथिंबिरीच्या पिशवीला असलेल्या भोकात गेला होता.

केटरर निदान फोन उचलून बोलायला तरी होता. बापूला मी दुसरा एक मेल दाखवला: आणखी कुणा पाटलांनी एका कर्ज देणाऱ्या कंपनीला माझा पत्ता दिलाय आणि दर महिन्याला त्यांचा हिशेब माझ्याकडं येतो. पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच noreply, म्हणजे उत्तर लिहिलं तरी वाचायला कुणी नाही. “‘पासवर्ड विसरलो’ दाब की,” बापू म्हणाला, “लिंक तुझ्याकडंच येणार. आत जाऊन पत्ता बदलून टाक, पुण्य लागंल.” लिंक माझ्याकडं येईल हे खरं, पण खातं दुसऱ्याचं. परवानगीवाचून आत शिरणं पुण्यात मोडत नाही, आणि दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरला तर आयटी कायद्याच्या कलम ६६ सीमध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ‘लबाडी नव्हती हो, पुण्य करत होतो’ हे कोर्टात बापूच्या तोंडून ऐकायला मजा येईल, पण माझ्या खर्चानं नको. मेलमध्ये ‘हे खातं माझं नाही’ अशी सोय असेल तर ती वापरायची, तीही कंपनी खरी आहे याची खात्री पटल्यावर. नसेल तर कंपनीच्या वेबसाईटवर आपण होऊन जायचं, तिथला ग्राहक सेवेचा पत्ता घ्यायचा आणि वरच्यासारख्याच चार ओळी लिहायच्या. मी लिहिल्या. हिशेब अजून येतो. आता त्या पाठवणाऱ्यासाठी फिल्टर लावून ते सगळे थेट कचऱ्यात जातील अशी व्यवस्था केली आहे. पाटलांचे हप्ते वेळेवर जातात एवढं तोवर कळलं होतं. ते मी बापूला सांगितलेलं नाही.

केटररचं प्रकरण मिटलं असं वाटलं, तोवर मंडपवाल्याचा मेल आला: “पाटील साहेब, स्टेज कुठल्या रंगात करू?” केटररनं माझा पत्ता त्यालाही दिला होता. हे विचारायचं राहतं: चुकीचा पत्ता आणखी कुणाकुणाला दिलाय? पुन्हा फोन केला, विचारलं. मंडपवाला, फोटोग्राफर आणि बँडवाला.

“मी सांगतो त्यास्नी,” केटरर म्हणाला. “तुमी कशाला तरास घेताय? पन रंग कुठला सांगू स्टेजचा?”